५ ऑगस्ट २०२४: निक्केई आपटला त्याच दिवशी येन का उसळला

सोमवारी सकाळी टोकियोचं शेअर मार्केट उघडतं तेव्हा आपल्याकडं साडेपाच वाजलेले असतात. ५ ऑगस्ट २०२४ च्या सोमवारी आपला बाजार उघडायला पावणेचार तास बाकी होते आणि तिकडं मात्र धूळधाण सुरू झालेली. निक्केई त्या दिवशी ४,४५१ पॉइंट पडून ३१,४५८ ला बंद झाला, म्हणजे एका दिवसात १२.४ टक्के. पॉइंटमध्ये बघितलं तर इतिहासातली सगळ्यात मोठी पडझड आणि टक्क्यांत बघितलं तर १९८७ च्या ब्लॅक मंडेनंतरची. कोरियाचा कोस्पी पावणेनऊ टक्के पडला, मध्ये वीस मिनिटं ट्रेडिंग थांबवावं लागलं, तैवान आठ टक्क्यांच्या वर खाली, आपला सेन्सेक्स २,२२२ पॉइंट गेला आणि रात्री अमेरिकेत एस अँड पी तीन टक्क्यांनी.

आता ज्या देशाचा बाजार सगळ्यात जास्त फुटला त्याच देशाचं चलन त्या दिवशी जगात सगळ्यात जास्त वधारलेल्यांपैकी होतं. जुलैच्या सुरुवातीला एका डॉलरला जवळजवळ १६२ येन मोजावे लागत होते, त्या सोमवारी भाव १४२ च्याही खाली जाऊन आला. (डॉलर-येनचा आकडा खाली गेला म्हणजे येन मजबूत झाला, हे पहिल्यांदा वाचताना हमखास उलटं वाटतं.) टीव्हीवर लगेच नेहमीचं वाक्य, घाबरलेले गुंतवणूकदार सेफ हेवनकडे धावले. मला हे वाक्य कधीच पटलेलं नाही. जपानच्या शेअर बाजारात एका दिवसात बारा टक्के फुंकले गेलेत आणि त्याच वेळी लोक सुरक्षितता म्हणून जपानचं चलन विकत घेतायत, म्हणजे नक्की काय? घाबरून एखादा माणूस घर जळत असलेल्या गल्लीतच खोली भाड्यानं घेतो का?

खरेदी झाली यात वाद नाही, प्रश्न आहे कुणी केली आणि का. माझं म्हणणं असं की त्या दिवशी येन घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना येन नकोच होता, त्यांना येनमधलं कर्ज फेडायचं होतं. हे एकदा नीट बघितलं की येन कधी चढतो आणि कधी दगा देतो हेही बऱ्यापैकी कळतं, म्हणून हे प्रकरण जरा सावकाश उलगडून बघू.

एका फंडाचा हिशोब

आधीची परिस्थिती. जपानमध्ये कित्येक वर्षं व्याज शून्याच्या आसपास, मध्ये तर उणे. मार्च २०२४ मध्ये बँक ऑफ जपाननं उणे व्याजदर संपवला पण तरी दर शून्य ते ०.१ टक्का एवढाच. त्याच वेळी अमेरिकेत फेडचा दर ५.२५ ते ५.५० आणि मेक्सिकोत तर ११ टक्के. मग जगातल्या फंडांनी जे करायचं तेच केलं, येनमध्ये स्वस्तात उचला, डॉलर किंवा पेसो घ्या, तिकडं लावा आणि मधला फरक खिशात टाका. यालाच कॅरी ट्रेड म्हणतात.

समजा एक फंड आहे, स्वतःचे पैसे १ लाख डॉलर. जून २०२४ च्या शेवटी डॉलरचा भाव १६० येन. फंडानं १६ कोटी येन उसने घेतले, बाजारात विकले, १० लाख डॉलर आले, ते अमेरिकेच्या ट्रेझरी बिलात सव्वापाच टक्क्यांनी लावले. येनचं व्याज पाव टक्का धरू. वर्षाला साधारण ५० हजार डॉलर सुटतात. १० लाखावर ५ टक्के म्हणजे काही फार नाही, पण स्वतःचे लावलेत फक्त १ लाख, त्यावर हे ५० टक्के होतात. अट एकच, येन जागेवर राहायला हवा. आणि येन नुसता जागेवर नव्हता, तीन वर्षं सारखा घसरत होता, म्हणजे व्याजाचा फायदा वेगळा आणि कर्ज फेडताना येन स्वस्त मिळणार तो फायदा वेगळा. दोन्ही हातांनी कमाई. त्यामुळे तिथं गर्दी झाली नसती तरच नवल.

आता उलटा हिशोब करा. येन किती मजबूत झाला की वर्षभराचं व्याज पुसलं जातं? साधारण १५२.४. म्हणजे १६० वरून पाचेक टक्के हलला की वर्षाची मेहनत गेली. आणि स्वतःचं १ लाखाचं भांडवल कधी पूर्ण संपतं? फंडाकडे एकूण ११ लाख डॉलर आहेत, द्यायचे आहेत १६ कोटी येन, भागाकार करा, १४५.४५. त्या भावाला फंडाकडे कर्ज फेडण्यापुरतं उरतं, बाकी हाती धुपाटणं.

हे दोन आकडे, १५२.४ आणि १४५.४५, डोक्यात ठेवा, पुढं लागतील. प्रत्येक फंडाचे हे आकडे वेगळे असतात, कुणी स्वतःच्या पैशाच्या पाचपट उसनं, म्हणजे लिव्हरेज, घेतलं असेल, कुणी वीसपट, कुणी पेसोत असेल, कुणी थेट अमेरिकन टेक शेअरमध्ये. पण आकडा प्रत्येकाला असतो, आणि ब्रोकर किंवा बँक त्या आकड्याच्या बरंच आधी मार्जिन, म्हणजे जादा तारण, मागते.

पाच आठवड्यांत काय काय झालं

जुलैच्या सुरुवातीला अमेरिकेच्या वायदे बाजारात येनवर सट्टेवाल्यांचा निव्वळ शॉर्ट, म्हणजे येन पडेल या हिशोबानं आधीच विकून ठेवलेले सौदे, १ लाख ८४ हजार कॉन्ट्रॅक्टचा होता, २००७ नंतरचा सगळ्यात मोठा. एक कॉन्ट्रॅक्ट सव्वा कोटी येनचं, म्हणजे हे सगळं मिळून १४ अब्ज डॉलरच्या आसपास. आणि हा फक्त दिसणारा भाग. बँकांमधून, स्वॅपमधून जे चालतं ते या आकड्यात येतच नाही, केंद्रीय बँकांची बँक असलेल्या बीआयएसनं नंतर जो ढोबळ अंदाज दिला तो ४० लाख कोटी येनचा, म्हणजे अडीचशे अब्ज डॉलरच्या घरात. त्यातही खरा आकडा कुणालाच धड सांगता येत नाही कारण बऱ्याच पोझिशन बॅलन्स शीटच्या बाहेर असतात.

११ जुलैला अमेरिकेचा महागाईचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला, आणि नेमका तोच मोका साधून जपानच्या अर्थ मंत्रालयानं बाजारात डॉलर विकायला काढले. ११ आणि १२ जुलै मिळून साडेपाच लाख कोटी येन त्यांनी विकत घेतले. हे हुशारीचं काम होतं, कारण एप्रिल-मे मध्ये जवळजवळ दुप्पट रक्कम, ९.८ लाख कोटी येन ओतूनही येन पुन्हा घसरला होता, तेव्हा ते वाऱ्याच्या विरुद्ध थुंकत होते आणि यावेळी वारा त्यांच्या बाजूनं वळतानाच त्यांनी धक्का दिला. भाव १६१ वरून १५८ च्या खाली.

मग जुलैभर हळूहळू शॉर्ट कापले जात राहिले. ३१ जुलैला बँक ऑफ जपाननं दर ०.२५ टक्के केला. पाव टक्का हो, फक्त पाव. पण गव्हर्नर उएदा यांनी पत्रकार परिषदेत पुढंही वाढवू शकतो असं सूचित केलं, आणि त्याच दिवशी, म्हणजे आपल्याकडं मध्यरात्री, फेडचे पॉवेल म्हणाले की सप्टेंबरमध्ये कपात होऊ शकते. एका बाजूचं व्याज वर निघालं, दुसऱ्या बाजूचं खाली. भाव १५० ला आला.

आपल्या फंडाकडे बघा. १५२.४ ची रेषा गेली, म्हणजे वर्षभराचं व्याज हातात यायच्या आधीच संपलं. १५० ला हिशोब केला तर ६६ हजार डॉलरचा तोटा, १ लाखातले दोन तृतीयांश गेले. अजून शेअर बाजारात म्हणावी अशी घबराट सुरूही झालेली नाही हं. शहाणे लोक याच सुमाराला बाहेर पडत होते आणि त्यांचं बाहेर पडणं म्हणजेच येन विकत घेणं.

शुक्रवार, २ ऑगस्ट. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सहाला अमेरिकेचा जॉब रिपोर्ट. जुलैमध्ये नोकऱ्या वाढल्या फक्त १ लाख १४ हजार आणि बेरोजगारी ४.३ टक्के. मंदी येतेय अशी हाकाटी सुरू झाली, अमेरिकेच्या दोन वर्षांच्या बाँडचं व्याज, जे आठवड्याच्या सुरुवातीला ४.४ च्या आसपास होतं, ते ३.९ वर आलं. भाव १४६.५. आपल्या फंडाचा तोटा ९२ हजार. टोकियोचं मार्केट तेव्हा बंद झालेलं, शनिवार-रविवार मध्ये, आणि जगभरातल्या रिस्क डेस्कवर दोन दिवस एकच काम, सोमवारी कोण काय विकणार याची यादी करणं.

सोमवारी मग विचार करून कुणी काही केलं असं मला वाटत नाही. १४५.४५ ची रेषा ओलांडली की आपला फंड स्वतः निर्णय घेतच नाही, ब्रोकरचं सॉफ्टवेअर घेतं. पोझिशन स्क्वेअर ऑफ, म्हणजे सौदा गुंडाळून टाकायचा, भाव मिळेल तो. एकानं येन घेतला की येन आणखी वर, त्यामुळे दुसऱ्याची रेषा ओलांडली जाते, तो घेतो, मग तिसरा. यात एकही माणूस जपान सुरक्षित आहे म्हणून खरेदी करत नाहीये. सगळे सक्तीचे खरेदीदार.

शेअर आणि येन एकमेकांना कसे ओढतात

इथं एक गोष्ट बऱ्याच लेखांत सुटते ती सांगतो, कारण त्या सोमवारची तीव्रता फक्त कॅरी ट्रेडनं समजत नाही.

२०२३-२४ मध्ये परदेशी फंडांनी जपानी शेअर भरपूर घेतले होते, ११ जुलैला निक्केई ४२,२२४ च्या विक्रमी पातळीवर बंद झाला होता. पण येन तर घसरतोय, मग शेअरमध्ये कमवायचं आणि करन्सीत घालवायचं हे नको म्हणून बऱ्याच जणांनी हेज केलं होतं. म्हणजे १०० कोटी येनचे शेअर हातात आणि सोबत १०० कोटी येनचा शॉर्ट. बरोबरीचा हिशोब. आता शेअर एका दिवसात १२ टक्के पडले तर हातात ८८ कोटींचे शेअर उरले, शॉर्ट मात्र १०० कोटींचाच. १२ कोटी येनचा शॉर्ट उघडा पडला, तो कापायचा म्हणजे १२ कोटी येन विकत घ्यायचे. हा फंड घाबरलेला नाही, त्यानं एकही शेअर विकलेला नाही, त्याच्यावर कर्जही नाही, तरी तो येनचा खरेदीदार झाला, निव्वळ बेरीज-वजाबाकीमुळे.

आणि उलट दिशेनं, येन वधारला की टोयोटासारख्या कंपन्यांच्या नफ्याला कात्री लागते कारण विक्री डॉलरमध्ये आणि हिशोब येनमध्ये. टोयोटाच्या बाबतीत डॉलरमागे एक येन इकडं-तिकडं झाला की वर्षाच्या ऑपरेटिंग नफ्यात साधारण ५,००० कोटी येनचा फरक पडतो असं धरलं जातं. महिन्याभरात वीस येनचा फरक पडला तर बाजार त्या शेअरचं काय करेल? तर येन वर म्हणून शेअर खाली, शेअर खाली म्हणून हेजवाले येन घेतात, त्यानं येन आणखी वर. हे चक्र एकदा फिरायला लागलं की बातमीची गरजच उरत नाही. ओसाकाच्या एक्स्चेंजवर निक्केई फ्युचरला सर्किट ब्रेकर लागला, म्हणजे व्यवहार आपोआप थांबले, तो याच गरगरीत.

हे असं होतं याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे दुसरा दिवस. मंगळवारी ६ ऑगस्टला निक्केई १०.२ टक्के उसळला, ३,२१७ पॉइंट. एका रात्रीत जपानची अर्थव्यवस्था ना बिघडली होती ना सुधारली. ज्यांना सक्तीनं कापायचं होतं त्यांचं कापून झालं एवढंच. बुधवारी बँक ऑफ जपानचे उपगव्हर्नर उचिदा म्हणाले की बाजार अस्थिर असताना दर वाढवणार नाही, आणि डॉलर १४७ च्या वर गेला. ६ ऑगस्टच्या आकडेवारीत वायदे बाजारातला तो १ लाख ८४ हजारांचा शॉर्ट ११ हजारांच्या आसपास उरला होता, पुढच्या आठवड्यात तर सट्टेवाले निव्वळ लाँग, म्हणजे येन चढेल या बाजूचे, झाले.

बाकीच्या चलनांचं आणि सोन्याचं

त्या दिवशी स्विस फ्रँकही वर गेला आणि कारण बरंचसं तेच, व्याज कमी म्हणून लोक फ्रँकमध्येही उसने घेतात. मेक्सिकन पेसो मात्र डॉलरला २० च्या पुढं जाऊन आला, येनच्या समोर तर महिनाभरात साधारण पाचवा हिस्सा घसरला. पेसोचा गुन्हा काय? काहीच नाही, तिथं ११ टक्के व्याज होतं म्हणून येनचा पैसा तिथं लावलेला होता, तो परत निघाला. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात ते हेच.

सोनं त्या सोमवारी पडलं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आपल्याकडं घबराट म्हणजे सोनं वर असं गणित पक्कं बसलेलं. मार्जिन भरायला लोक जे नफ्यात आहे आणि पटकन विकलं जातं ते विकतात, आणि सोनं नफ्यात होतं.

डॉलरही त्या दिवशी सेफ हेवनसारखा वागला नाही, मोठ्या चलनांसमोर डॉलर मोजणारा डॉलर इंडेक्स खाली होता, कारण भीतीच अमेरिकेच्या मंदीची आणि फेडच्या कपातीची होती.

आणि रुपया? तो त्या कमजोर डॉलरसमोरही ८३.८० च्या पुढं घसरून तेव्हाच्या नीचांकावर गेला. परदेशी संस्थांनी त्या दिवशी आपल्याकडं दहा हजार कोटींच्या वर शेअर विकले, ते पैसे बाहेर न्यायला डॉलर लागले. येन आणि रुपयातला फरक इथं अगदी उघडा दिसतो. आपण बाहेरून पैसा आणणारा देश आहोत, घबराट झाली की तो पैसा बाहेर जातो. जपान बाहेर पैसा लावणारा देश आहे, २०२३ च्या अखेरीला त्यांची निव्वळ परदेशी मालमत्ता ४७१ लाख कोटी येन होती, जगात सगळ्यात जास्त. घबराट झाली की बाहेरचा पैसा घरी येतो, किंवा येईल या अंदाजानं लोक आधीच येन घेऊन बसतात. मार्च २०११ च्या भूकंपानंतर असंच झालं, जपानी विमा कंपन्या भरपाई द्यायला परदेशातले डॉलर विकून आणतील अशी आवई उठली आणि भूकंप-त्सुनामी-अणुभट्टी एवढं सगळं झालेल्या देशाचं चलन १७ मार्चला ७६.२५ वर पोचलं, शेवटी जी-७ नं एकत्र येऊन येन विकला. सुरक्षित म्हणून कुणी घेतला असं तर तिथं म्हणायची सोयच नाही.

म्हणून मी चलन बघताना दोन प्रश्न एकत्र विचारतो, व्याज कमी आहे का आणि देश सावकार आहे का. फक्त व्याज कमी असून भागत नाही. दोन्ही असेल तर शांततेच्या काळात लोक त्या चलनात कर्ज घेणार आणि घबराटीत ते फेडायला धावणार. येन आणि फ्रँक दोन्ही अटींत बसतात. रुपया, पेसो, लिरा एकातही नाही.

येनची ही उसळी महाराष्ट्राला अगदीच परकी नाही म्हणा. मुंबई मेट्रो ३, अटल सेतू आणि बुलेट ट्रेन, तिन्हींसाठी जायका या जपानी सरकारी संस्थेचं कर्ज आहे आणि ते येनमध्ये आहे. बुलेट ट्रेनचं व्याज ०.१ टक्का म्हणून फुकटात पडलं असं बोललं जातं, पण मुद्दल येनमध्ये फेडायचं आहे. जूनच्या शेवटी १०० येनला साधारण ५२ रुपये पडत होते, ५ ऑगस्टला ५९. पन्नास वर्षांच्या कर्जात एका महिन्याच्या उसळीनं हप्ता बदलत नाही हे खरं, पण पुढची कित्येक वर्षं त्या कर्जाची खरी किंमत ०.१ टक्का आहे असं म्हणणंही बरोबर नाही, ती येन-रुपयाच्या भावावर ठरेल. आणि स्वस्त चलनातल्या व्यवहाराला भुललेले आपल्याकडं आधीही झालेत, २००७-०८ मध्ये बऱ्याच भारतीय निर्यातदारांनी बँकांकडून फ्रँक आणि येनला जोडलेले किचकट डेरिव्हेटिव्ह घेतले होते, ती चलनं वधारली तेव्हा प्रकरणं कोर्टात गेली आणि २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेनं १९ बँकांना दंड केला.

हे सूत्र कधी फसतं

आता हे सगळं वाचून पुढच्या पडझडीत कुणी डोळे मिटून येन घ्यायला निघालं तर थांबवायला हवं, कारण तीन वेळा तरी हे अलीकडेच फसलंय किंवा वेगळं वागलंय.

२०२२ मध्ये एस अँड पी वर्षभरात १९ टक्क्यांच्या आसपास पडला, युक्रेनचं युद्ध सुरू झालं, आणि येन ११५ वरून ऑक्टोबरमध्ये जवळजवळ १५२ वर गेला, म्हणजे चांगलाच घसरला. का? कारण त्या वर्षी शेअर पडत होते तेच मुळी अमेरिकेत व्याज वाढतंय म्हणून. कॅरी ट्रेडवाल्याला पळायचं कारणच नव्हतं, उलट त्याचा फरक महिन्यागणिक वाढत होता. त्यामुळे पडझडीत पहिलं बघायचं ते अमेरिकेचं दोन वर्षांचं व्याज. शेअरसोबत ते खाली जातंय तर येनला जोर मिळतो, शेअर खाली आणि व्याज वर तर येनकडून अपेक्षा ठेवू नये.

मार्च २०२० आणखी मजेशीर. ९ मार्चला येन १०१ पर्यंत मजबूत झाला, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. आणि पुढच्या दोन आठवड्यांत, बाजार आणखी भयानक पडत असताना, येन घसरून १११ वर. पहिल्या टप्प्यात येनचं कर्ज फेडणारे होते, दुसऱ्या टप्प्यात डॉलरचं कर्ज फेडणारे आले. जगभरच्या कंपन्या-बँकांनी सगळ्यात जास्त उसने घेतलेले असतात ते डॉलरच, आणि कॅशच गोठायला लागली की डॉलरसमोर सगळे झुकतात, येन, सोनं, एवढंच काय ट्रेझरी बाँडसुद्धा लोक विकत होते. फेडनं १५ मार्चला पाच मोठ्या केंद्रीय बँकांसाठीच्या आधीपासूनच्या स्वॅप लाइन, म्हणजे डॉलर उसने द्यायची सोय, स्वस्त केल्या आणि १९ मार्चला आणखी नऊ बँकांसाठी नव्या उघडल्या तेव्हा कुठं तो ताण उतरला. नीट बघितलं तर यंत्र तेच आहे, ज्या चलनात कर्ज आहे ते चलन घबराटीत वर जातं. फक्त कर्ज कोणाचं आणि किती घाईचं यावर येन जिंकतो की डॉलर हे ठरतं.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या टॅरिफच्या, म्हणजे आयात शुल्काच्या, घोषणेनंतर तिसराच प्रकार. एस अँड पी दोन दिवसांत दहा टक्क्यांच्या वर पडला, पण अमेरिकेच्या दहा वर्षांच्या बाँडचं व्याज खाली यायच्या ऐवजी आठवडाभरात ४ वरून साडेचार टक्क्यांपर्यंत चढलं आणि डॉलर इंडेक्स १०० च्या खाली गेला. वरच्या नियमानं व्याज चढतंय म्हणजे येन पडायला हवा होता. तो चढला, आणि फ्रँक तर डॉलरमागे ०.८८ वरून ०.८१ वर, म्हणजे आणखी मजबूत. यावेळी विकले जात होते ते अमेरिकेचे शेअर, बाँड आणि डॉलर तिन्ही एकदम, म्हणजे व्याज चढत होतं ते फेडच्या कडकपणामुळे नव्हे, बाँड विकले जात होते म्हणून. चढणारं व्याज दिसायला दोन्हीकडं सारखंच दिसतं, फरक कळतो तो डॉलरच्या दिशेवरून. २०२२ मध्ये व्याजासोबत डॉलर चढत होता, २०२५ मध्ये व्याज चढताना डॉलर पडत होता.

राहिला प्रश्न आधीपासून कळतं का. दिवस सांगता येत नाही, पण ज्वलनशील माल किती साठलाय ते बऱ्यापैकी दिसतं. वायदे बाजाराचा तो आकडा दर शुक्रवारी येतो, मंगळवारपर्यंतच्या पोझिशनचा, आणि त्यात येनचा निव्वळ शॉर्ट विक्रमाच्या जवळ असेल तर पडझडीत येनची उडी मोठी असणार. शॉर्ट आधीच कापला गेला असेल तर तितकीच भयानक बातमी येऊनही येन फारसा हलत नाही, कारण फेडणाराच कुणी उरलेला नसतो. मी सोबत पेसो-येन आणि ऑस्ट्रेलियन डॉलर-येन बघतो. २०२४ मध्ये हे दोन्ही जुलैच्या मध्यापासूनच वाकायला लागले होते, निक्केईचा विक्रम ताजा होता आणि ५ ऑगस्टला अजून तीन आठवडे होते.